साळूने काटे मिटले

एका रानात, नदीच्या कोरड्या पात्राजवळ, एक साळू राहत असे. तो उन्हाळा फार कडक होता. नदीत थेंबभर पाणी उरले नव्हते, म्हणून प्राण्यांनी वाळूत झिरा खणायला घेतला. झिरा म्हणजे पात्रात खणलेला खड्डा. खोल गेले की तळाला पाणी झिरपते. या कामाचा मुकादम होता एक गवा. अंगाने डोंगराएवढा आणि आवाजाने त्याहून मोठा. सकाळ झाली की त्याचा आरडाओरडा सुरू होई. एकदा मुंगसाने उलट ओरडून दाखवले, तर गव्याने त्याला पात्रातूनच हाकलून लावले. बिचारा ससा मात्र इतका घाबरे की बाहेर टाकायची वाळू पुन्हा खड्ड्यातच टाकी!

एके सकाळी गवा तरातरा आला आणि सगळ्यांसमोर, वाळू उपसणाऱ्या साळूवर डाफरला, "ए काटेरी टोपले! अजून पाणी कसं नाही? कामाला येतेस की झोपा काढायला?"

साळूच्या पाठीवरचे काटे ताडकन उभे राहिले. खडखड, खडखड असा आवाज झाला. सगळे श्वास रोखून पाहू लागले. मुलांनो, त्या काट्यांपुढे वाघसुद्धा दोनदा विचार करतो! मी तिच्या जागी असतो तर गव्याच्या नाकातच घुसलो असतो. पण साळूने काय केले? तिने पंजे वाळूवर टेकले, एक लांब श्वास घेतला आणि शेपटीपासून मानेपर्यंत सगळे काटे हळूहळू मिटले. राग तिलाही आला होता, आणि तो आवरायला तिला केवढे कष्ट पडले ते सगळ्यांना दिसले. अंगावर एवढी शस्त्रे असून ती मिटून घेणारे कोणी त्या रानाने तोवर पाहिले नव्हते.

मग ती इतक्या हळू बोलली की ऐकण्यासाठी गव्याला आपले फुरफुरणे थांबवावे लागले. "मुकादम, कामात काय चुकलं ते सांगा, आत्ता सुधारते. पण मला टोपली म्हणू नका."

"मला शिकवतेस?" गवा डुरकला.

"कामाचं बोला, मी ऐकतेय," ती त्याच आवाजात म्हणाली. "ओरडणं थांबेपर्यंत मी काठावरच्या त्या करंजाच्या झाडाखाली बसते." आणि ती खरोखरच सगळ्यांच्या डोळ्यांसमोर जाऊन बसली, मान खाली न घालता.

गव्याचा संताप अनावर झाला. त्याने खूर आपटला. झिऱ्याची कड ढासळली आणि खड्ड्यात खणत असलेला ससा कानापर्यंत गाडला गेला. गवा घाबरून आणखी ओरडू लागला, झिऱ्याभोवती धावू लागला. तो धावला की आणखी वाळू कोसळे.

साळू धावत आली. "मुकादम, जागचे हलू नका," ती म्हणाली. आवाज तसाच, शांत. आणि काय आश्चर्य! तो अजस्र गवा पुतळ्यासारखा उभा राहिला. साळूने सशाच्या नाकापुढची वाळू आधी बाजूला केली, मग त्याला हळूहळू मोकळे केले.

दुसऱ्या दिवशी, गवा एकटा आणि शांत असताना, ती त्याच्याकडे गेली. "काल तुम्ही मला चारचौघांत टाकून बोललात. ते मला लागलं."

गवा म्हणाला, "कळपातली वासरं तहानेनं रडतात गं. मला काही सुचेनासं होतं."

"मग तेच सांगा ना! मी दुप्पट खणेन. तुम्ही ओरडलात की माझं काम बिघडतं. पुन्हा तसं बोललात तर मी टेकडीपलीकडे दुसरा झिरा खणतात, तिथे कामाला जाईन. तिकडचा रस्ता पाहून आलेय मी." तिने हे धमकी म्हणून सांगितले नाही; ऊन आहे, सावली आहे, तसे सांगितले.

त्यानंतर गवा कधीच ओरडला नाही, असे मी म्हणणार नाही. सवय कुठे एवढ्या लवकर सुटते! पण ओरडावेसे वाटले की तो झिऱ्यापासून दूर जाई, डोंगराकडे तोंड करून मनसोक्त डुरके आणि मग परत येऊन काम सांगे.

अखेर झिऱ्यात पाणी आले. तहानलेली वासरे धावत आली, पण गव्याने त्यांना क्षणभर थांबवले. सगळ्या रानासमोर त्याने आपली प्रचंड मान खाली केली आणि हळू आवाजात म्हणाला, "साळूबाई, आधी तुम्ही प्या."

तात्पर्य : ओरडणाऱ्यापुढे आपला आवाज आणि आपला मान दोन्ही सांभाळावेत; शांतपणे पण स्पष्ट बोलणाऱ्याचे ऐकावेच लागते.