भांडणाची भूमी

एका राज्यात गाण्यांवर जमिनी पिकत. डोंगरावर मीलनाचं गाणं, कारवी फुललेली असताना, थंडीच्या मध्यरात्री. रानात वाट पाहण्याचं, पावसाळी सांजेला, जाईच्या वेलाशी. समुद्रकाठी व्याकुळतेचं, दिवस बुडताना, निळ्या कुमुदांपाशी. भातशेतीत रुसव्याभांडणाचं, पहाटेच्या आधी, ताम्हणाच्या झाडाखाली. आणि उन्हाळ्यात डोंगर नि रानाचा जो भाग करपे, त्याचाच ओसाड माळ होई. तिथे भर दुपारी ताटातुटीचं. कुठल्याही गाण्यात माणसाचं नाव घ्यायचं नाही, आणि मनातलं बोलायचं ते भूमीच्या तोंडून, असा पूर्वजांचा नेम होता.

राजा कडंबन नदीकाठच्या नर्तकीकडे जाऊ लागला. राणी अल्ली भातपट्ट्यातल्या राजवाड्यात राही. एका पहाटे राजा परतला, तर दार बंद. दाराशी राणीची सखी पोन्नी उभी. सखीने मध्ये उभं राहून बोलायचं, ही रीतच होती. पोन्नीने गाणं म्हटलं:

"पाट फुटला, पाणी शेजारच्या वाफ्यात रमलं. आता गढूळ होऊन परत आलंय, आणि रोपांना विचारतंय, तुम्ही पिवळी का?"

नाव कुणाचंच नव्हतं. तरी बांधावरचे शेतकरी हसले. राजाचे कान तापले.

"हे गाणं राज्यातून पुसून टाका," तो मांत्रिक घटोदराला म्हणाला. "माझी राणी शांतपणे वाट पाहणारी आहे. तसंच गायलं जावं."

घटोदराने रानातले शब्द उपटून आणले आणि राणीच्या जिभेवर रोवले. त्या क्षणापासून राणीच्या तोंडून एकच वाक्य निघे, "या सावकाश, मी वाट पाहीन." हे म्हणताना तिच्या मुठी वळलेल्या असत. पोन्नीला ते पाहवेना. दिवसभर तिच्या दाढा एकमेकींवर घासत राहिल्या. भाताच्या खाचरांत जाईचे वेल उगवले, लोंब्या पोचट निघाल्या, आणि लोक उपाशी झोपू लागले.

तेव्हा बांधावरचा बगळा बोलला, "पोन्नी, चुकीच्या भूमीत रोवलेला आवाज सुटतो, पण बाकीच्या तीन भूमींनी 'ही बाई आमची नव्हे' अशी साक्ष दिली तरच. माळाची साक्ष चालत नाही. त्याला स्वतःची जमीन नाही."

पोन्नी डोंगरावर गेली. नाचणीच्या शेतातल्या पोपटाने विचारलं, "ती चोरून भेटते का? भेटीने तिचं अंग मोहरतं का?"

"त्याच्या चाहुलीनेही तिचं डोकं उठतं."

"मग आमची नव्हे," पोपट म्हणाला, आणि त्याने कारवीचं फूल दिलं.

समुद्रावर पाणकावळा खडकावर पंख वाळवत होता. "ती होड्यांकडे बघून रडते का?"

"डोळ्यांत टिपूस नाही. संताप आहे."

"आमची नव्हे." त्याने निळं कुमुद टाकलं.

रानात जायला माळ तुडवावा लागला. टाचा भाजल्या. वरून घार ओरडली, "राणीला म्हणावं, निघून जा."

"घर तिचं आहे," पोन्नी वर न बघता म्हणाली. "तिने का जावं?"

रानात गुराखी गाई वळवत होते. तिथेच एक म्हातारी लांडोर जाईच्या ताटव्यात बसली होती. तिने पोन्नीला खडसावलं, "आमचेच शब्द तिच्या तोंडी आहेत. मग आमची कशी नव्हे?"

पोन्नीचा तोल सुटला. "तुमच्याकडचा नवरा कामगिरीवर जातो, पावसाच्या आत येईन असं वचन देऊन. त्याच्यावर विश्वास असतो, म्हणून ती थांबते. आमचा नदीपलीकडे गेला आणि अत्तर लावून आला. त्याला थांबणं म्हणता? तुमच्या बायकांचा विश्वास तुम्ही त्याला पायपुसणं म्हणून दिलात."

 म्हातारी लांडोर मान खाली घालून म्हणाली, "आमचे शब्द चोरीला गेले, आणि आम्ही ते मिरवत बसलो. ती आमची नव्हे." तिने जाईचा गजरा दिला.

पहाटेपूर्वी पोन्नीने तिन्ही फुलं ताम्हणाच्या मुळाशी ठेवली. राजवाड्याचं दार आतून धाडकन बंद झालं. नदीकडून राजा येत होता, मागे घटोदर.

"दार उघड," राजा म्हणाला.

"उघडणार नाही," आतून राणी बोलली. आवाज बसका होता, पण तिचा स्वतःचा होता.

"मांत्रिका, हिला गप्प कर."

घटोदराने ओठ हलवले. त्याच्या तोंडून निघालं, "या सावकाश, मी वाट पाहीन." दुसरं काही निघेना.

"मी राजा आहे," कडंबन म्हणाला.

"या दाराशी राजा येत नसतो," राणी म्हणाली. "इथे फक्त नवरा येतो, आणि त्याला नाव नसतं. उभे राहा आणि ऐका."

राणी बोलू लागली. इतके दिवस कोंडलेलं सारं तिने बोलून दाखवलं: पाट, गढूळ पाणी, पिवळी रोपं, उपाशी झोपलेली पोरं. गावोगावच्या बायका आपापल्या दारांशी येऊन तेच बोलू लागल्या, आणि नाव नसल्यामुळे प्रत्येक नवऱ्याला ते आपल्यालाच वाटलं. सूर्य वर आला तसे खाचरांतले वेल गळून पडले, लोंब्यांत दूध भरलं.

राजाने मुकुट काढून उंबऱ्यावर ठेवला आणि खाली बसला. दार कधी उघडायचं, हे राणीने ठरवायचं होतं. तोवर राज्यात भात पिकला, माणसं जेवली, आणि ज्या भूमीचं गाणं त्या भूमीला परत मिळालं.