दिवाणजींची तडफ

सगुणा राजाच्या दप्तरात कागदांच्या नकला उतरवायची. तान्ह्या लेकीपायी एकदा तिला उशीर झाला, तसा दिवाण नरहरपंतांनी 'सुस्त' असा शेरा मारून तिला काढून टाकलं. शेवटी ती दरबारात उभी राहिली.

"पंत, नाव न घेता विचारते. कुणी साक्ष न ऐकता घटकाभरात निकाल दिला, तर त्याला काय म्हणाल?"

"उतावळा."

"आणि एका अर्जाला चार महिने लावले तर?"

"ऐदी, दुसरं काय."

"निकाल मला काढल्याचा, अर्ज मला परत घ्या म्हणून केलेला. दोन्ही कामं तुमचीच. दप्तरात मात्र पहिल्याला तडफ लिहिलीय, दुसऱ्याला सबुरी."

राजा पोट धरून हसला, हिला कामावर घ्या म्हणाला. त्या हुकुमावर दोन वर्षं पंत साकल्याने विचार करताहेत.