शेपटी गेली, मग पोर कुठं गेलं?

"या कपारीतलं बेडकाचं पोर शेपटीचं होतं, कल्ल्यांनी श्वास घ्यायचं. ते संपलं! तू कोण रे उपरा? नीघ कपारीतून!" शिंगटी मासोळी बेडकावर खेकसत होती.

"मीच ते पोर! माझ्यात काहीसुद्धा बदललेलं नाही," बेडूक ओरडला.

जैन मंदिराच्या विहिरीतली ही फार मागची गोष्ट. बाहेर वैशाख पेटला होता. कपारीतली ओल सोडून उन्हात जावं लागलं असतं, तर बेडूक वाळून मेला असता.

वर चालणारे मुनींचे वाद ऐकत म्हातारी झालेली कासवीण मध्ये पडली. "गप्प बसा दोघं! आधी दुसऱ्याचं म्हणणं कुठल्या बाजूनं खरं आहे ते सांगायचं, मगच आपलं."

"म्हणजे सगळ्यांनाच गोंजारायचं होय?" शिंगटीनं नाक मुरडलं.

"मुळीच नाही! हा इथं जन्मलाच नाही म्हणालीस, तर ते धडधडीत खोटं, त्याला कुठलीच बाजू नाही. पण बाजू सांगून बोललीस, तर खुशाल ठासून बोल."

बेडूक नाइलाजानं म्हणाला, "रूप पाहिलं, तर शेपूट गेली, कल्ले गेले. ते पोर आता नाही."

शिंगटी कितीतरी वेळ पाण्यात गोल फिरली. "आणि जीव पाहिला, तर हा त्या पोराचाच जीव आहे," ती पुटपुटली. "पण मग कपारीचं काय?"

कासवीण म्हणाली, "रूपानं हा पाहुणा आणि जिवानं घरचा, मग सांग बाई, यातल्या कुठल्या नात्यानं तू याला उन्हात हाकलणार?"