चार तासांची कोरी पानं

धप... धप... धप.

लाकडी हातोडीचा तो आवाज ऐकून फार वर्षं झाली. मिरजेत याकूबचाचा पुस्तकं बांधायचे. दवाखान्याची रजिस्टरं मी त्यांच्याकडे नेत असे.

त्या दिवशी हातोडी थांबली होती आणि चाचा विचारत होते, "किती पानं घालू?"

समोर हेमलता उभी होती. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, वर्गात पहिली. काविळीतून नुकतीच उठली होती, डोळे अजून पिवळट होते. सुटलेल्या तासांसाठी तिला वहीत कोरी पानं शिवून हवी होती.

"घाला की पन्नास."

"पन्नास कशाला?"

"बारा दिवस गेलेत, चाचा."

"बाराही दिवस तास झाले?"

तिनं बोटांवर मोजलं. दोन रविवार गेले. तीन दिवस नुसती वॉर्डातली ड्यूटी. राहिले सात तास. त्यांतल्या तीन तासांचं सगळं पुस्तकात होतं.

"चार," ती म्हणाली. "औषधांच्या मात्रांचे. ते सिस्टर तोंडी सांगतात."

"त्यांच्या नोट्स कुणाकडे आहेत?"

"वर्गातल्या रोझलिनकडे. ती शब्द न् शब्द उतरवते." तिनं घडी केलेला कागद काढला. "चिठ्ठी लिहिली आहे तिला. तुम्ही बघता का?"

पुढच्या सोमवारी मात्रांचा पेपर होता. त्यात जी नापास होई, तिला सहा महिने मागे ठेवत.

तिनं चिठ्ठी पुढं केली. चाचांच्या एका हातात सुई होती, दुसऱ्यात ताणलेला दोरा.

"घ्या ना."

चाचांनी मान वर केली नाही.

 तिनं मग चिठ्ठी बाजूच्या स्टुलावर ठेवली.

चाचांनी टाका पुरा केला. गाठ मारली. हात पुसले आणि चिठ्ठी आपण होऊन उचलली.

सावकाश वाचली.

"काविळीवर किती ओळी?"

"सहा."

"मागणं?"

"एक."

"काय मागितलंस?"

"सगळ्या नोट्स दे. खरी मैत्रीण असशील तर देशील."

"आणि तिला स्वतःला वाचायच्या असल्या तर?"

हेमलता चिठ्ठीकडे बघू लागली.

"मग ती खोटी मैत्रीण," चाचा म्हणाले.

मला हसू आलं. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी रजिस्टरांकडे वळलो.

"ती नाहीच देणार," हेमलता हळूच म्हणाली. "मागच्या वर्षी तिनं माझ्याकडे मागितल्या होत्या. मी म्हटलं, जो तासाला बसेल, नोट्स त्याच्या."

चाचांनी हातोडी उचलली. परत खाली ठेवली.

"हे लिहिलंस चिठ्ठीत?"

"नाही."

चाचांनी कोरे कागद आणि पेन्सिल स्टुलावर ठेवली.

ती कोपऱ्यातल्या पोत्यावर बसली. तीनदा लिहून खोडलं. चौथा कागद तिनं वाचून दाखवला, तो मला अजून आठवतो.

"रोझलिन, मागच्या वर्षी मी तुला नोट्स दिल्या नाहीत. ते चुकलं. मात्रांचे चार तास माझे बुडाले, तारखा मागे लिहिल्या आहेत. बाकीचं मी पुस्तकातून केलं. तेवढी चार तासांची वही उद्या तू ड्यूटीवर जाताना याकूबचाचांकडे ठेवशील का? मी तिथंच बसून उतरवीन. पाचला ड्यूटी सुटली की तुझी वही तुला मिळेल. तुला वाचायला लागत असेल तर ठेवू नकोस, मी सिस्टरांना विचारीन. पोटात घ्यायच्या औषधांचा तक्ता मी केलाय, हवा तर घे. नाही दिलीस तरी तक्ता तुझाच."

"सिस्टरांना खरंच विचारशील?" चाचांनी विचारलं.

"...हो. विचारीन."

"मग ती ओळ तशीच राहू दे."

चाचांनी वीस पानं मोजली. एका तासाला पाच.

दुसऱ्या दिवशी मी रजिस्टरं न्यायला गेलो. हेमलता सकाळपासून पोत्यावर बसली होती. शिवलेली वही मांडीवर, दोन पेन्सिली टोक काढून ठेवलेल्या. दाराकडे बघत नव्हती. म्हणजे तिथंच बघत होती.

बाराच्या सुमाराला रोझलिन आली. पांढरा गणवेश, केस घट्ट बांधलेले. तिनं वही स्टुलावर ठेवली. पानांमधून कागदाचे कपटे डोकावत होते, खुणेसाठी घातलेले.

हेमलतानं वही उघडली. कपटे मोजले.

"मी चार मागितले होते. हे पाच आहेत."

तिनं जादा कपट्याचं पान उघडलं.

"हा रविवारचा... रविवारी जादा तास झाला?"

रोझलिननं मान डोलावली.

 

चाचांनी सुईत दोरा ओवला.

"आण ती तुझी वही," ते हेमलताला म्हणाले. "माझी पानं कमी पडली."

रोझलिन वळली, आणि दवाखान्याच्या वाटेला लागली.