पायडल ते ठोका

“ह्या प्रेसवर बसलंय कोण?” कानावरचा हेडफोन न काढताच चाचांनी विचारलं.

“कोण म्हणजे? तुम्हीच, चाचा. दोन महिन्यांपूर्वी तुमच्याच प्रेसचा आवाज घेतला होता मी.”

“मी नव्हं ह्यो.”

“अहो, तुम्हीच आहात!”

“मी नव्हं...”

सुव्रत चौगुलेनं माझ्याकडे बघितलं. मी कशाला मध्ये तोंड घालू? मी स्टोअरकीपर. कुपवाडच्या एमआयडीसीतल्या, पत्रा ठोकून कापणाऱ्या या प्रेसशॉपचं स्टोअर एकवीस वर्षं माझ्याकडे आहे, आणि एवढ्या वर्षांत मी एकच गोष्ट शिकले, की बोल्ट मोजून द्यायचे आणि मोजूनच परत घ्यायचे. या सुव्रतवर तर पहिल्या दिवसापासून माझी नजर होती. तिशीला टेकलेला माणूस, काळा बॉयलरसूट घालून यायचा, आणि तोही कडक इस्त्रीचा. बॉयलरसूटला इस्त्री करणारा माणूस सरळ असेल का हो?

मला वाटलं, मालकाचा हेर असेल. मग वाटलं, भंगारवाल्याचा. शेवटी त्यानंच सांगितलं, तो गाणी करतो. ‘गंज’ नावाचा त्यांचा बँड आहे. इंडस्ट्रियल रॉक.

“म्हणजे काय?” मी विचारलं होतं.

“म्हणजे मावशी, यंत्रांचा गोंगाट हेच वाद्य. सत्तरच्या दशकाच्या शेवटी तिकडे विलायतेत गिरण्या-कारखान्यांच्या गावांतली पोरं पत्रे, स्प्रिंगा, ड्रिल मशीन घेऊन स्टेजवर चढली. मशीनचे आवाज टेपवर घेऊन त्याच त्या तुकड्याची आवर्तनं वाजवायला लागली. पुढे त्यात रॉकची गिटार आली, ड्रमच्या जागी ड्रम मशीन आलं.”

“आमच्यात त्याला कटकट म्हणतात,” मी म्हटलं. त्याला ते भारी आवडलं, वहीत लिहून घेतलं. तेव्हा तर माझा संशय आणखीच वाढला.

तर त्या दिवशी दुपारी चारला क्रेन येणार होती. आमची जुनी शंभर टनी पॉवर प्रेस भंगारात चालली होती. सुव्रतच्या रेकॉर्डमधलं शेवटचं गाणं अडलं होतं ते हिच्या ठोक्यावर. मागच्या वेळी त्यानं लांबून, हवेतून आवाज घेतला, त्यात कॉम्प्रेसरची भुणभुण मिसळली. आता त्याला लोखंडाच्या पोटातला आवाज हवा होता, आणि तसा ठोका मिळायची वेळ आजच्यापुरतीच होती. मालकानं हात झटकले, “इब्राहिमचाचा हो म्हणाले तर चालवा.”

इब्राहिम मुजावर. तेहतीस वर्षं त्या एकाच प्रेसवर बसलेला माणूस. चाचा म्हणाले, “आधी मागचं काय केलंस ते ऐकीव.”

म्हणून हा हेडफोन.

“काय काय केलंस ह्येला?” चाचांनी तो काढून मांडीवर ठेवला.

सुव्रत खुलला. स्वतःच्या कामाबद्दल बोलायचं म्हटलं की माणूस खुलतोच. “चाळीस ठोके होते, चाचा. त्यातला सगळ्यात जाड एक निवडला. पुढचं-मागचं कापलं. मग डिस्टॉर्शन. म्हणजे आवाज एवढा चढवायचा की त्याचे शेंडेच छाटले जातात, आणि तो खरखरायला लागतो. खाली सिंथची, म्हणजे इलेक्ट्रॉनिक की-बोर्डची घरघर. गिटार दोन सूर उतरवून, ढिली करून वाजवलीय. माझा गळासुद्धा त्याच खरखरीतून काढलाय, माणूस वाटायलाच नको. आणि तुमचा तो ठोका मिनिटाला एकशेवीस वेळा. केसाचाही फरक नाही.”

“कापलंस काय?”

“गाळ होता सगळा. ठोक्याआधीची घरघर, तो खटका, तुमचं खाकरणं...”

“हं.”

“का? काय झालं?”

“पायडल दाबलं, की ठोका कवा पडतो?”

“लगेच.”

चाचा हसले. मीही हसले, मला ठाऊक होतं. या जुन्या प्रेसचं मोठं चाक, फ्लायव्हील, आपलं फिरतच असतं. पायडल दाबलं की क्लचची किल्ली सुटते, पण चाकातली खाच तिच्यापाशी आल्याशिवाय ती अडकत नाही. खाच जवळ असली तर लगेच खटका, आणि नुकतीच पुढे गेली असेल तर अख्खा फेरा थांबायचं. मग वरचा लोखंडी दट्ट्या खाली. एकदा का किल्ली अडकली की मग अल्ला म्हणा नाहीतर अरिहंत म्हणा, तो ठोका पडणारच.

चाचांनी त्याला हे चार वाक्यांत सांगितलं.

“तेच तर!” सुव्रत उसळला. “म्हणूनच तुमचे ठोके चुकतात. चाळिसांत दोन सारखे नाहीत. मी मोजलेत. मी ते सरळ केले, ग्रिडवर, समान अंतराच्या रेघांवर बसवले.”

“चुकत्यात व्हय...”

चाचा उठले. मेन स्विचचा फ्यूज उपसून त्यांनी खिशात टाकला. प्रेस पार मेली. मग पत्र्याच्या चकत्यांचा डबा प्रेससमोर ठेवला आणि आपल्या स्टुलाकडे बोट दाखवलं.

“बस. गाणं लाव मोठ्यानं. एक चकती आत ठेवायची, हात भाईर. ठोका. चकती काढायची, दुसरी ठेवायची, हात भाईर. तुझ्या ठोक्यावर.”

“बंद प्रेसवर?”

“चालू करू?”

तो निमूट बसला. स्पीकरमधून ते गाणं सुटलं. खोटं कशाला बोलू, छातीत धस्स झालं माझ्या. धाड, धाड, धाड, आणि वर ती गिटार लोखंड घासणाऱ्या ग्राइंडरसारखी. पण काहीतरी खटकत होतं, आणि काय खटकतंय ते कळेना. एवढी वर्षं ऐकलेली आमचीच प्रेस, आणि ओळखीची वाटेना.

चाचा खडू घेऊन बाजूला उभे. ठोक्याच्या वेळी सुव्रतचा हात डायमध्ये, म्हणजे दट्ट्याखालच्या साच्यात सापडला की मनगटावर एक रेघ. अर्ध्या सेकंदाला एक ठोका! चकती उचलेपर्यंत दोन पडायचे. मिनिटभरात त्या गोऱ्या मनगटावर पंधरा-वीस रेघा झाल्या. मोजायचंच सोडलं चाचांनी.

सुव्रतनं गाणं बंद केलं. कानशिलं लाल.

“हा पोरखेळ आहे, चाचा. गाण्याला हात नसतात. यंत्राचा निर्दयपणा दाखवायचाय मला. थांबत नाही, ऐकत नाही, दया करत नाही, असं काहीतरी.”

“मशिन निर्दय नसती.”

“मग?”

“तिला म्हाईतच नसतं.”

सुव्रतनं मनगटावरच्या रेघा पुसल्या. मग हळूच, पण मला ऐकू येईल असं म्हणाला, “सरळ सांगा ना, तुम्हाला ठोका द्यायचाच नाही. तेहतीस वर्षं तुम्ही जे केलं ते मी एका पॅडवर बोटानं वाजवतो, ते झोंबतंय.”

माझ्या हातात पाना होता. देवाशपथ, घातला असता टाळक्यात! अशा माणसाला चहा पाजला होता मी, दोनदा.

चाचा रागावले नाहीत. घड्याळाकडे बघितलं. साडेतीन होऊन गेले होते.

“एक ठोका,” ते म्हणाले. “फकस्त एक. लाव तुझं यंत्र.”

सुव्रतनं पितळेची एक बारीक चकती काढली, रुपयाच्या नाण्याएवढी. मागे वायर. त्याला कॉन्टॅक्ट माइक म्हणतात. तो हवेतलं काही ऐकत नाही, ज्याला चिकटवाल त्या लोखंडाची थरथर तेवढी ऐकतो. दोन्हीकडून चिकटणाऱ्या पट्टीनं त्यानं तो प्रेसच्या टेबलावर, डायला लागूनच डकवला. मी म्हटलं, “अरे, तिथं तेल आहे, पुसून घे.” पण मावशीचं ऐकतो कोण?

चाचांनी फ्यूज घातला. मोटर गुरगुरली, चाक हळूहळू वेग घेत गेलं. टेबलावरच्या चकत्या कंप पावायला लागल्या. सुव्रतनं हेडफोन चढवला, रेकॉर्डर सुरू केला आणि अंगठा दाखवला.

चाचांनी पाय उचलला.

तेवढ्यात रेकॉर्डरवरचा काटा झपकन खाली बसला. तेलावरून माइक सुटला होता. सुव्रतचं सगळं लक्ष त्या काट्यावर आणि कानात घुमणाऱ्या आवाजावर. त्यानं सवयीनं हात पुढे घातला. दट्ट्याखाली! माइक उचलला आणि अंगठ्यानं दाबून धरला, चिकटेपर्यंत.

मी ओरडले. हेडफोनमध्ये त्याला काय ऐकू येणार? माझा आवाज त्या माइकलाही नको होता.

चाचांचा पाय पायडलच्या वर, हवेत. खाली आला नाही. पायाकडे नव्हती नजर त्यांची, रेकॉर्डरकडे नव्हती, चाकाकडेही नव्हती. डायकडे होती. चाक फिरत होतं, खाच येत होती आणि जात होती, येत होती आणि जात होती. म्हातारा माणूस, एका पायावर, थरथरत उभा.

मग सुव्रतनं वर बघितलं. चाचांचा पाय दिसला. आपला हात दिसला.

त्यानं तो इतक्या हळू बाहेर काढला, की जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता.

चाचांनी पाय बाजूला जमिनीवर टेकला आणि मेन स्विच खाली ओढला. चाक थांबायला दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढा वेळ आम्ही तिघं त्याच्याकडे नुसते बघत राहिलो. माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि ती लपवायचं मला सुचलं नाही.

चाक थांबलं तसा दारात हॉर्न वाजला. क्रेनवाले वेळेआधीच आले होते. त्यांच्या वायरमननं आल्या आल्या केबल सोडवली, साखळ्या चढल्या. सुव्रत चकत्यांच्या डब्यावर बसून होता. ‘थांबवा’ म्हणायला त्यानं एकदा तोंड उघडलं, पण म्हणाला नाही.

प्रेस ट्रकवर गेली. मग त्यानं रेकॉर्डर मागे नेला, हेडफोन लावला, ऐकलं. पुन्हा ऐकलं. चेहरा पडला.

“काही नाही, चाचा. नुसती घरघर. ठोकाच नाही यात...”

चाचा हात पुसत होते.

“नीट ऐक की, लेका. पाच बोटं वाजत्यात त्यात.”