भगवंताचं दोन मिनिटांचं भाषण

आटपाडवाडीत एक भोळा नवरदेव होता. नाव भगवंत. नवरदेव तो नंतर झाला, भोळा आधीपासूनच होता. सांगितलेलं काम तो कधी विसरत नसे. सगळा घोळ त्यामुळेच व्हायचा.

त्याचं लग्न ठरलं रेवतीशी. रेवतीला वडील नव्हते. आईनं, मालनबाईंनी, शिलाई मशीन चालवून एकटीनं तिला वाढवलं. रेवतीचे काका म्हणाले, "वहिनी, मुलगा खुळा आहे." मालनबाई म्हणाल्या, "खुळा नाही, सरळ आहे." काका म्हणाले, "बघू. रिसेप्शनला चार माणसांत बोलायला उभा राहील ना, तेव्हा कळेल."

रेवतीनं भगवंताला बाजूला घेतलं. "अहो, दोन मिनिटं बोला. दोन्ही घरचे, राबलेली माणसं, पाहुणे, कुणाला विसरू नका. आणि माझ्या आईचे आभार नक्की माना. एवढ्या वर्षांत चार लोकांसमोर तिचं नाव कुणी घेतलेलं नाही."

"मानतो," भगवंत म्हणाला, आणि लक्षात ठेवलं.

आता भाषण म्हटलं की गावात एकच माणूस. शिवराम दाजी, भगवंताच्या बहिणीचे यजमान. शाळेचं गॅदरिंग असो की सरपंचांचा सत्कार, माइक दाजींच्याच हातात. दाजी म्हणाले, "सराव कर. साखरपुड्यापासून सुरुवात कर."

साखरपुड्याला भगवंत उभा राहिला. "आभार," म्हणाला आणि बसला. लोक अजून खुर्च्या सरकवत होते.

दाजींनी कपाळाला हात लावला. "अरे, नुसते आभार कुणाला पोचतात का? माणसाचं नाव घ्यायचं. त्यानं काय केलं ते नेमकं सांगायचं. त्याच्यामुळे आजचा कार्यक्रम झाला म्हणायचं. तेव्हा कुठं ते मनापासून वाटतं."

भगवंतानं मान डोलावली, आणि लक्षात ठेवलं.

आठवड्यानं शेजारच्या रखमाजी आजोबांचा दहावा झाला. नदीवर माणसं जमलेली. भगवंताला वाटलं, सरावाला बरी गर्दी आहे. तो उभा राहिला. "डॉक्टर साळव्यांनी आजोबांना तीन आठवडे औषध दिलं. त्यांच्यामुळेच आजचा हा कार्यक्रम होऊ शकला. त्यांचे मनापासून आभार."

डॉक्टर साळवे चपला न घालताच निघून गेले.

दाजी म्हणाले, "अरे बाबा, दुःखाच्या ठिकाणी आभार नसतात मानायचे. कुणाच्या डोळ्यांत पाणी दिसलं की हात जोडायचे, आम्ही तुमच्या दुःखात सहभागी आहोत म्हणायचं, आणि गप्प बसायचं."

भगवंतानं मान डोलावली, आणि लक्षात ठेवलं.

मग मामांकडे केळवण होतं. पाटाभोवती रांगोळी, ताटात पुरणपोळी, वर तुपाची धार. मामींनी औक्षण केलं. कडेवर खेळवलेला भाचा बोहल्यावर चढणार म्हणून त्यांचे डोळे भरून आले. भगवंतानं लगेच हात जोडले. "मामी, आम्ही तुमच्या दुःखात सहभागी आहोत."

मामींच्या हातातलं निरांजन विझलं. मामा म्हणाले, "काय बोलतोयस?"

चुकलं, एवढं भगवंताला कळलं. त्यानं सावरून घेतलं. "मामा, आपण तीन पोळ्या वाढल्या, चौथीचा आग्रह केला. त्यामुळेच आजचं जेवण होऊ शकलं. मी आपला आभारी आहे."

मामांना जास्तच लागलं. "भाचा मामाचे आभार मानतो होय? परकं केलंस मला. हे बघ, आभार परक्यांचे मानायचे. घरच्यांचे नाही. घरच्यांना हक्कानं काम सांगायचं. ऊठ मामा, पाणी आण, असं म्हणायचं. त्यात माया असते."

भगवंतानं मान डोलावली. "ऊठ मामा, पाणी आण," म्हणाला. मामांनी खूश होऊन पाणी आणलं. हा धडा तर त्यानं फारच नीट लक्षात ठेवला.

लग्न लागलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कार्यालयात रिसेप्शन. चारशे माणसं. पहिल्या रांगेत फेटा बांधून, हाताची घडी घालून काका. त्यांच्या शेजारी नव्या लुगड्यात मालनबाई. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

दाजींनी कागदावर क्रम लिहून दिला होता. आधी पाहुणे, मग राबलेली माणसं, मग दोन्ही घरं, शेवटी जेवणाचं. दाजी म्हणाले, "दुसरी पंगत खोळंबलीय. दोन मिनिटांच्या वर एक शब्द नको."

भगवंत उभा राहिला. माइक हनुवटीपासून चार बोटं लांब धरला. आणि काय सांगू, छान बोलला.

"नमस्कार. आपण लांबून आलात. काही जण मुक्कामाची एसटी पकडून आलात. आपल्यामुळे आमच्या आनंदाला शोभा आली. आपले मनापासून आभार. परवा वाऱ्यानं मांडव पडला, तो इस्माईलभाईंनी पुन्हा उभा केला. शेवंताबाई पहाटेपासून चुलीपाशी आहेत. माझ्या मित्रांनी काल तिन्ही पंगती वाढल्या आणि स्वतः शेवटी जेवले. या सगळ्यांचे आभार."

शेवंताबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी डोळे पुसले. भगवंताचे हात जुळायला निघाले, पण एका हातात माइक होता, त्यामुळे निभावलं.

"आता दोन्ही घरं," भगवंत म्हणाला. "घरच्यांचे मी आभार मानत नाही. ती आपलीच माणसं आहेत."

टाळ्या पडल्या. मामांनी तर शिट्टी वाजवली. काकांची हाताची घडी सुटली. रेवती मात्र नवऱ्याकडे बघत राहिली. आईचं नाव अजून आलं नव्हतं.

दाजींना कोण आनंद झाला. ते मागून कुजबुजले, "आता म्हण, तुम्ही सगळेच आमच्या घरचे आहात. आणि संपव."

"तुम्ही सगळेच आमच्या घरचे आहात," भगवंत म्हणाला. पुन्हा टाळ्या पडल्या.

भगवंत थांबला. विचार करायला लागला. दाजी मागून घड्याळ दाखवू लागले.

"मग मघाशी मानलेले आभार चुकून मानले," तो म्हणाला. "ते मी परत घेतो. घरच्यांना काम सांगायचं असतं. पहिल्या रांगेनं खरकटी ताटं उचलावीत. दुसरीनं भांडी घासावीत. तिसरीनं पाणी आणावं. बाकीच्यांनी खुर्च्या रचाव्यात."

कार्यालयात कुणी जागचं हललं नाही. मालनबाई तेवढ्या उठल्या आणि पदर खोचू लागल्या. काम म्हटलं की उठायचं, जन्माची सवय.

रेवतीला राहवेना. तिनं त्याची बाही ओढली. "अहो, आईचे आभार."

"हो, ते राहिलेच," भगवंत म्हणाला, आणि माइक पुन्हा तोंडाशी घेतला. "सासूबाई मालनबाई. यांनी मशीन चालवून एकटीनं रेवतीला वाढवलं. त्यांच्यामुळेच आजचा हा कार्यक्रम होऊ शकला. अख्ख्या कार्यालयात आभार मानायचे ते फक्त यांचे. सासूबाई, तुम्ही कशालाही हात लावू नका. पाहुण्यासारख्या बसा, पोटभर जेवा, आणि आपल्या घरी जा."

रेवतीनं डोक्याला हात लावला.

काका उठून उभे राहिले. याच क्षणाची ते वाट बघत होते. "ऐकलंत, वहिनी? चारशे माणसं घरची, आणि परक्या तुम्ही एकट्या. मी म्हणत नव्हतो, मुलगा खुळा आहे?"

मालनबाई सावकाश खाली बसल्या. खोचलेला पदर सोडला, नीट केला.

"ते राहू द्या, भाऊजी," त्या म्हणाल्या. "तुमची रांग पहिली ना? ताटं तिकडे आहेत."