न पुकारलेला आहेर

एकदा एक गाव होतं, आणि त्या गावात हैबती नावाचा एक आहेर पुकारणारा राहत होता. त्याची बायको कौसा गोधड्या शिवायची. लेक सुगंधा गावातल्या एका वृद्धाकडे शिकायला जायची. आणि हैबतीची धाकटी बहीण द्वारका दूर मस्कतला एका इस्पितळात परिचारिका होती. एवढी चार नावं ध्यानात ठेवा.

आहेर पुकारणारा म्हणजे कोण, तेही सांगते. लग्नात अक्षता पडल्या की माईक हातात घ्यायचा आणि कुणी काय दिलं ते नावागावासकट मांडवाला ऐकवायचं. हैबतीचा आवाज असा की वेशीबाहेर चरणारी म्हैससुद्धा मान वर करून बघेल. "नवरीच्या मामांकडून तांब्याचा हंडा होऽऽ!" म्हटलं की हंड्यापेक्षा मामाच जास्त चकाकायचे.

तीन वर्षांपूर्वी द्वारकेने भावाला घराच्या छपरासाठी पैसे पाठवले होते. हैबतीला आनंद मावेना. करणार काय? त्याला आनंद व्यक्त करायची एकच रीत ठाऊक. शेजारच्या लग्नात माईक हाती होताच. "माझी बहीण द्वारका, मुक्काम मस्कत, हिच्याकडून भावाला होऽऽ..." आणि पुढे पूर्ण आकडा! लोकांनी टाळ्या पिटल्या. कुणीतरी ते सगळं मोबाईलमध्ये टिपलं आणि मस्कतला धाडलं.

आठ दिवसांत द्वारकेला सहा घरांतून फोन गेले. एकाला ट्रॅक्टर हवा होता, एकाला मुलीचं लग्न उरकायचं होतं, एकाला नुसतंच "बघा जमलं तर" हवं होतं. दोघांना तिने दिलं. मग तिने गावाचा फोन उचलणंच सोडलं. भावाचासुद्धा. तीन वर्षं त्या घरात तिचा आवाज आला नाही. हैबती म्हणायचा, "मी काय वाईट बोललो? कौतुकच केलं की!" कौसा नुसती सुई ओढत राहायची. लहानपणी आई गेलेल्या या नणंदेची वेणी तिनेच घातली होती. परदेशी निघाली तेव्हा स्वतः शिवलेली गोधडी तिनेच पेटीत ठेवली होती.

पुढे कौसाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. गोधडी थांबली तर चूल थांबली, म्हणून सुगंधा रोज सकाळी वीस सुयांत दोरा ओवून उशीला टोचून ठेवायची आणि कौसा दिवसभर बोटांनी चाचपत शिवायची. ही गोष्ट मस्कतला असलेल्या शेजाऱ्याच्या मुलाने द्वारकेला सांगितली. आणि एका मंगळवारी, काही न बोलता, काही न कळवता, सुगंधाच्या खात्यात पैसे येऊन पडले.

काय सांगू, घरात नुसता धुमाकूळ! सुगंधा ओरडत आत आली, कौसाच्या हातातली सुई गोधडीत हरवली, हैबती उभ्या उभ्या दोनदा बाहेर जाऊन आला. "पुढच्या महिन्यात पाटलांकडे लग्न आहे," तो म्हणाला, "असा पुकारतो, असा पुकारतो..."

"बाबा!" सुगंधा किंचाळली. "एकदा पुकारलंत तर तीन वर्षं गेली. आता पुकारलंत तर आत्या जन्माची गेली!"

हैबती मटकन खाली बसला. "मग आभार मानायचे तरी कसे गं?"

हे सुगंधालाही ठाऊक नव्हतं. ती धावत वृद्धाकडे गेली. हे वृद्ध चाळीस वर्षं टपाल वाटत हिंडलेले. ज्यांना वाचता येत नसे त्यांना पत्र वाचूनही दाखवायचे. सगळे त्यांना आबा म्हणत.

आबांनी सगळं ऐकलं आणि आधी विचारलं, "पोचलं हे तिला कळवलंस?"

"नाही. ती फोन उचलत नाही."

"मग आवाज नोंदवून पाठव. आत्ता. दूर पाठवणाऱ्याचा जीव वस्तू पोचेपर्यंत टांगलेला असतो. फक्त एवढंच म्हण: आत्या, पोचलं, आईला सोमवारी डॉक्टरांकडे नेतोय. आकडा बँकेने तिला सांगितलाय, तू सांगायची गरज नाही. आणि हे आभार नव्हेत हो. ही पोच. आभारांचं पत्र वेगळं, ते हाताने लिहायचं."

सुगंधाने तिथेच निरोप धाडला. सोमवारी कौसाच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, मंगळवारी पट्टी सुटली, आणि बुधवारी सुगंधा पत्र लिहून आबांपुढे हजर. आकडा कुठेच नव्हता. ती खुशीत होती.

आबांनी पत्र वाचलंच नाही. म्हणाले, "हे घेऊन पेठेत जा. बसप्पाशेठला वाचून दाखव. त्याला म्हणावं, किती पैसे आले ते ओळख."

सुगंधा चक्रावली. घरची गोष्ट व्यापाऱ्याला? पण बसप्पाशेठच्या पोटात गेलेली गोष्ट बाहेर येत नाही हे गावाला माहीत होतं. आणि मांडव बघून लग्नाचा खर्च सांगणारा तो माणूस! ती गेली. वाचू लागली: शहरातलं मोठं इस्पितळ, चांगल्यातली भिंगं, दोन्ही डोळे, जाण्यायेण्याला जीप, औषधं, उरल्यातून न्हाणीघराला पत्रे...

बसप्पाशेठची बोटं मांडीवर चालत होती. पत्र संपायच्या आत त्यांनी आकडा सांगितला. शे-दोनशेंचा फरक!

"अहो शेठ, मी तर आकडा लिहिलाच नाही!"

"लिहिला नाहीस, पोरी. सुटे करून दिलास."

सुगंधा घरी येऊन रात्रभर कुढली आणि सकाळी दुसरं पत्र लिहिलं. यात खरेदीचं नाव नाही. आत्या तू देवी आहेस, आमची लायकी नाही, सात जन्म उपकार फिटणार नाहीत, असाच हात पाठीशी असू दे, पुढच्या वर्षी माझं कॉलेज आहे, तुझा आशीर्वाद हवा.

बसप्पाशेठने ऐकलं आणि चष्म्यावरून बघितलं. "आधीचे किती, ते यातून कळत नाही. पण पुढच्या वर्षी किती मागणार, ते मोजू का?"

सुगंधाचे कान तापले. ती तरातरा आबांकडे आली. "आबा, माझी थट्टा लावलीय का तुम्ही? किंमत लिहिली तर तो बेरीज करतो, पाया पडलं तर त्याला मागणी दिसते. मग लिहू तरी काय?"

"पट्टी सुटली तेव्हा तू तिथे होतीस ना?" आबा म्हणाले. "तुझी आत्या नव्हती. पैसे तिचे, आणि बघितलंस तू. तिचं आहे ते तिला दे."

सुगंधा खाली बसली. आणि तिथेच, आबांच्या ओसरीवर, पाटीवर कागद ठेवून तिने तिसरं पत्र लिहिलं. ते मला तोंडपाठ आहे. ऐका.

"आत्या, आईच्या डोळ्याची पट्टी मंगळवारी सकाळी सुटली. तिने पहिल्यांदा आरसा मागितला आणि ओरडली, 'अगं बाई, मी म्हातारी झाले आणि मला कुणी सांगितलंही नाही?' डॉक्टरसुद्धा हसले. घरी येऊन तिने शिवायला घेतलेली गोधडी उजेडात धरली. म्हणाली, 'हा निळा आहे? मी काळा समजून लावला.' मग अख्खी दुपार ती घरातला निळा शोधत हिंडली. बाबांचा सदरा, माझी वही, आकाश. संध्याकाळी म्हणाली, 'द्वारकेच्या गोधडीत मधला तुकडा निळा होता, तो माझ्या लग्नातल्या शालूचा. तिला सांगितलंच नव्हतं.' आता सांगते आहे. आत्या, हा दिवस तू दिलास. बाबा तीन वर्षांपूर्वी चुकले, त्यांना ते कळलंय, यंदा तुझं नाव माईकवर घेतलेलं नाही. तुझ्या खोलीच्या खिडकीतून काय दिसतं गं? आई विचारते. ती आता कल्पना करून बघू शकते म्हणते."

खाली हैबतीने स्वतःच्या हाताने एकच ओळ लिहिली: "द्वारके, जेवतेस ना वेळेवर?"

सुगंधाने हे बसप्पाशेठला वाचून दाखवलं. बोटं मांडीवर आली होती, ती तिथेच थांबली. शेठनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "माझी थोरली बहीण बेळगावला असते. चार वर्षं झाली. एक कोरा कागद दे बरं."

आता आबांनी उलगडून सांगितलं. "बाळ, मांडवात आहेर पुकारतात, कारण तो उद्या तेवढाच परत करायचा असतो. चार लोक साक्षीला हवेत, म्हणून आकडा मोठ्याने. त्यात गैर काही नाही. पण जे परतफेडीसाठी दिलेलंच नाही, त्याचा आकडा बोललीस की देणाऱ्याला वाटतं, यांनी माझं देणं मांडून ठेवलं. खरेदीची यादी दिलीस की तिला वाटतं, हिशेब आला. फार वाकलीस की तिला वाटतं, पुन्हा हात पसरला. मी चाळीस वर्षं लोकांना पत्रं वाचून दाखवली, सुगंधा. पैसे पोचले हे ऐकून माणूस मान हलवतो. आपल्यामुळे तिकडे काय झालं, ते ऐकताना तो पाय वर घेऊन नीट बसतो आणि म्हणतो, पुन्हा वाच. बसप्पाकडे पाठवलं ते यासाठी. जोवर व्यापाऱ्याला मोजता येतंय, तोवर ते पत्र झालं नाही."

पत्र गेलं. पंधरा दिवस, वीस दिवस. रोज सुगंधा दारात. हैबती तर टपालवाल्याला चहा पाजून पाजून थकला. पाटलांच्या लग्नात त्याने सगळ्यांचे आहेर पुकारले. एका पाहुण्याने विचारलं, "काय हैबतराव, मस्कतहून काही आलं की नाही?" तर हा म्हणाला, "बहिणीची खुशाली आली!" आणि माईक पुढच्याच्या हातात दिला.

बाविसाव्या दिवशी सुगंधाचा फोन वाजला. पलीकडे आधी नुसता श्वास. मग, "वहिनीला दे."

कौसाने फोन दोन्ही हातांनी धरला. हैबती भिंतीला टेकून उभा, ओठ आवळून.

"वहिनी," द्वारका म्हणाली, "खिडकीतून पाण्याची टाकी दिसते आणि एक बाभूळ. मी ते पत्र सगळ्या नर्सांना वाचून दाखवलं. दोघींना मराठी येत नाही, तरी दाखवलं. आणि ऐक, त्या गोधडीची एक कड उसवलीय. इथे कुणाला टाका जमत नाही. मी ती घेऊन येतेय. दादाला म्हणावं, मी वेळेवर जेवते."

हैबतीने तोंडावर उपरणं घेतलं आणि पहिल्यांदा त्या घरात त्याचा आवाज कुणाला ऐकू आला नाही.

दिवाळीच्या आधी द्वारका आली. तोवर कौसाचा दुसरा डोळाही झाला होता, नाकावर नवा चष्मा होता. सवयीने सुगंधा सुया ओवायला बसली, तर आईने तिच्या हातातून सुई काढून घेतली. नणंद समोर बसलेली, मध्ये ती जुनी गोधडी, निळा तुकडा वर. कौसाने दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, सुई उजेडाकडे धरली, आणि एका झटक्यात ओवली.

"ओवली!" तिघीही एकदम ओरडल्या.

द्वारका महिनाभर राहिली. आणि त्यानंतर दर वर्षी येत राहिली.